कृष्णेच्या पाण्यात फटाका नेमका कुठे दिसेल?

दिवाळीत सांगलीच्या मोबाइलांवर एक फोटो हमखास फिरतो: आयर्विन पूल, मागे रात्रीचं शहर आणि आकाशात लाल-हिरवी आतषबाजी. बहुतेक वेळा आतषबाजी दुसऱ्याच फोटोतून आणलेली असते. खोटेपणा आकाशात सहसा पकडता येत नाही, तो पाण्यात पकडता येतो.

आकाशाचं काम सोपं आहे. फोटो एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोवर ठेवलेला फटाक्याचा थर ‘स्क्रीन’ मोडवर टाकला की काळा भाग आपोआप नाहीसा होतो. प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ० ते २५५ या आकड्यांत मोजतात, आणि यामागचं गणित असं:

निकाल = २५५ − (२५५ − खालचा) × (२५५ − वरचा) ÷ २५५

वरचा ठिपका ०, म्हणजे काळा असेल, तर खालचं चित्र जसंच्या तसं राहतं. खाली ४० आणि वर २०० असेल, तर उत्तर २०९ येतं. नुसती बेरीज केली तर २४० होतील. फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. ते प्रकाशात बदलून, बेरीज करून परत आणले तर सुमारे २०३ येतात. म्हणजे स्क्रीन मोड हा खऱ्या प्रकाशाच्या बराच जवळ जातो.

अडचण येते ती धुराची. फटाक्याच्या फोटोतलं आकाश डोळ्याला काळं वाटलं तरी धुरामुळे २५ च्या आसपास असू शकतं. आपलं आकाश २० असेल तर निकाल ४३ होतो आणि फटाक्याभोवती फिकट चौकोन उमटतो. फटाक्याच्या थरावर लेव्हल्स लावून तळाचा काळा बिंदू २५ वर आणला की चौकोन जातो. पुसणीने कडा खरवडत बसू नये, त्यात बारीक ठिणग्या जातात.

आता पाणी. सर्रास केलं जातं ते असं की फटाक्याची प्रत घेऊन काठाच्या रेषेवर उलटी करायची. पुलाच्या खांबांना ही पद्धत बरोबर लागू पडते, कारण ते पाण्यातच उभे आहेत. फटाका मात्र काठाच्या बराच मागे उडतो. त्याचं प्रतिबिंब काठापाशी दुमडत नाही. पाण्याची पातळी जमिनीखालून मागे नेली तर फटाक्याच्या बरोबर खाली जी जागा येईल, तिथे ते दुमडतं. चित्रात ही जागा काठाच्या वर, क्षितिजाच्या जवळ असते.

समजा, कॅमेरा नदीकाठच्या गच्चीवर, पाण्यापासून १५ मीटर उंच आहे. समोरचा काठ १५० मीटरवर आणि फटाका ६०० मीटरवर, क्षितिजापासून १५ अंश वर. काठावर उलटवलं तर प्रतिबिंब क्षितिजाच्या २६ अंश खाली पडेल. खरं ते साडेसतरा अंशांवर असतं. फरक एवढा मोठा आहे की कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला खटकतं.

याहून गंमत म्हणजे काठावर १२ मीटर उंचीची इमारत असेल, तर तिच्यामागे ९० मीटरपर्यंत उंचीवर फुटलेला फटाका आकाशात दिसतो, पण पाण्यात दिसत नाही. पाण्यातलं दृश्य हे जणू पाण्याखाली तितक्याच खोलवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने पाहिलेलं असतं, आणि तिथून इमारत आडवी येते. म्हणून खालचे अनार, भुईचक्रं पाण्यात उतरवू नयेत.

प्रतिबिंबाची तीव्रताही सगळीकडे सारखी नसते. संथ पाणी समोरच्या काठाजवळ, जिथे आपली नजर फारच तिरकी पडते, तिथे निम्म्याहून जास्त प्रकाश परत फेकतं. आपल्या फटाक्याच्या जागी ते सुमारे १७ टक्के उरतं, आणि अगदी पायाशी, सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के. त्यामुळे प्रतिबिंबाच्या थराला मास्क लावून ते आपल्याकडे येताना विझवत आणावं. मग लाटांसाठी उभ्या दिशेचा मोशन ब्लर द्यावा. आडवा दिला तर पाणी वाटतच नाही.

इमारतींवरची झळाळी स्क्रीनने थेट रंगवू नये. लाल ब्रश फिरवला की काळा दगड आणि चुन्याची भिंत दोन्ही सारख्याच लालसर धुक्यात बुडतात. भिंतीवर पडलेला प्रकाश भिंतीच्या रंगाने गुणला जातो. म्हणून इमारतीची प्रत काढून कर्व्हजने ती उजळ करायची, तिच्यावर लाल रंग मल्टिप्लायने चढवायचा आणि हा सगळा गट मूळ फोटोवर स्क्रीन करायचा. आता काळा दगड थोडासाच उजळतो, पांढरी भिंत बरीच. लाल रंग ठिणग्यांच्या टोकाकडचा घ्यावा, मधला गाभा कॅमेऱ्यात जळून पांढरा झालेला असतो.

फटाका इमारतीमागे असेल तर आपल्याकडची भिंत उजळणारच नाही. फक्त छपराच्या कडा आणि बाजूच्या भिंती उजळतील. आणि रस्त्यावरच्या दिव्याखालचा आधीच लख्ख असलेला भाग तर जवळपास तसाच राहायला हवा. तो भडक लाल दिसत असेल, तर गट स्क्रीनऐवजी नॉर्मलवर राहिला आहे, हे नक्की समजावं.