अर्धायुष्य आणि सरासरी आयुष्य: एका जुन्या प्रश्नाची तीन रूपे

किरणोत्सारितेवरील गणितांत अर्धायुष्य (T) आणि सरासरी आयुष्य (τ) या दोन्ही राशी मिनिटांत किंवा दिवसांत दिलेल्या असतात, त्यामुळे घाईघाईत वाचताना एकीच्या जागी दुसरी सहज गृहीत धरली जाते. अर्धायुष्य म्हणजे उरलेल्या अणुकेंद्रकांची संख्या निम्मी होण्यास लागणारा काळ, तर सरासरी आयुष्य म्हणजे सर्व केंद्रकांच्या आयुष्यांची सरासरी. काही केंद्रके फारच उशिरा विघटन पावतात आणि ती ही सरासरी वर ओढतात, म्हणून τ नेहमी T पेक्षा मोठे असते. क्षय स्थिरांक λ असेल, तर τ = १/λ आणि T = ०.६९३/λ. एक अर्धायुष्य उलटल्यावर ५० टक्के केंद्रके उरतात, तर एक सरासरी आयुष्य उलटल्यावर सुमारे ३७ टक्केच उरतात.

आता प्रवेश परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील एक परिचित प्रश्न घेऊ. अर्धायुष्य २० मिनिटे असलेल्या नमुन्याचा एक तृतीयांश भाग विघटित झाल्यापासून दोन तृतीयांश भाग विघटित होईपर्यंत किती वेळ जाईल? येथे बहुतेक चुका ‘विघटित’ भाग थेट सूत्रात घातल्यामुळे होतात, कारण N = N₀e^(−λt) या सूत्रातील N हा उरलेला भाग असतो. आरंभी दोन तृतीयांश उरलेले आहेत आणि शेवटी एक तृतीयांश. म्हणजे उरलेली संख्या निम्मी झाली, आणि उत्तर नेमके एक अर्धायुष्य, २० मिनिटे, आले. लॉगॅरिदमची गरजच पडली नाही.

याच प्रश्नात ‘अर्धायुष्य’ हा एकच शब्द बदलून ‘सरासरी आयुष्य २० मिनिटे’ असे करा. संख्या निम्मीच व्हायची आहे, पण त्यासाठी लागणारा काळ आता २० × ०.६९३, म्हणजे सुमारे १३.९ मिनिटे होतो. ०.६९३ ने गुणण्याऐवजी भागले, तर २८.९ असे उत्तर येते. मात्र निम्मे होण्याचा काळ सरासरी आयुष्याहून मोठा असूच शकत नाही, एवढे आठवले तरी ही चूक तिथल्या तिथे पकडता येते.

तिसरे रूप मला सर्वांत उपयुक्त वाटते. अर्धायुष्य पुन्हा २० मिनिटेच ठेवा, पण विघटित भाग एक चतुर्थांशापासून तीन चतुर्थांशापर्यंत न्या. ‘अर्ध्या नमुन्याचे विघटन झाले, म्हणजे एक अर्धायुष्य’ असा मोह होतो आणि २० हे उत्तर पर्यायांत बहुधा असतेच. प्रत्यक्षात उरलेला भाग तीन चतुर्थांशावरून एक चतुर्थांशावर आला, म्हणजे एक तृतीयांश झाला. निम्मा होण्यास २० मिनिटे आणि एक चतुर्थांश होण्यास ४० मिनिटे लागतात, त्यामुळे उत्तर या दोहोंच्या मध्ये असणार हे आकडेमोडीपूर्वीच कळते. २० × (log ३ / log २) केल्यावर ते ३१.७ मिनिटे येते.