फरक काढण्याची रीत आणि स्वसहसंबंधाचा आलेख: एका धड्यामागचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडे पूर्वानुमानाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा दोन प्रकारची आकडेवारी येते. एक म्हणजे रावेर-यावलच्या केळीचे किंवा बाजार समितीतल्या कापसाचे महिनावार भाव, आणि दुसरी म्हणजे आपल्या तालुक्याच्या वार्षिक पावसाची नोंद. दोन्हींना तो एकच कृती लावतो. आधी ऑटोकोरिलेशनचा, म्हणजे श्रेणीच्या स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी असलेल्या संबंधाचा, स्वसहसंबंधाचा आलेख काढायचा, मग प्रत्येक आकड्यातून त्याच्या मागचा आकडा वजा करायचा आणि श्रेणी स्थिर झाली असे लिहून पुढे जायचे. भावांच्या बाबतीत ही कृती बहुतेक वेळा योग्य ठरते, पावसाच्या बाबतीत मात्र ती श्रेणी बिघडवते. असे का होते हे समजण्यासाठी वजाबाकीची रीत आणि आलेख या दोन गोष्टी मुळात वेगवेगळ्या कामांसाठी जन्मल्या, हे पाहावे लागते.

वजाबाकी आधी आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञांना पूर्वानुमान करायचे नव्हते, तर दोन श्रेणींमधला सहसंबंध मोजायचा होता. दोन्ही श्रेणी वर्षानुवर्षे चढत असतील, तर त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसला तरी सहसंबंधाचा आकडा मोठा येतो, ही त्यांची अडचण होती. रेजिनाल्ड हूकर यांनी १९०५ मध्ये धान्याच्या भावांच्या उदाहरणावर असे सुचवले की, भावांऐवजी आजच्या आणि कालच्या भावातील फरक घ्यावेत आणि त्या फरकांचा सहसंबंध पाहावा. १९१४ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट आणि स्वतंत्रपणे ऑस्कर अँडरसन यांनी हा विचार पुढे नेला. फरकांचे फरक, त्यांचेही फरक असे काढत जावे आणि सहसंबंधाचा आकडा बदलायचा थांबला की काळाचा प्रभाव निघून गेला असे समजावे, अशी त्यांची मांडणी होती.

या रीतीवर सर्वात नेमका आक्षेप उड्नी यूल यांनी १९२१ मध्ये घेतला. फरक काढताना चढ किंवा उतार निघून जातो हे खरे, पण श्रेणीचा उरलेला भाग जसाच्या तसा राहत नाही. एका वर्षी वर आणि दुसऱ्या वर्षी खाली जाणारा हेलकावा फरक काढल्यावर दुप्पट मोठा होतो, दुसऱ्यांदा फरक काढल्यावर चौपट होतो, आणि संथ चढउतार मात्र त्याच वेळी दबत जातात. वारंवार फरक काढून शेवटी मोजला जाणारा सहसंबंध हा मुख्यतः अशा दोन वर्षांच्या हेलकाव्यांचा असतो, मूळ प्रश्नाचा नसतो. जास्त वेळा फरक काढू नयेत हा आजचा नियम या आक्षेपातून आला आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जातो याची मला खंत वाटते.

यूल यांचे त्याहून महत्त्वाचे काम १९२६ चे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८६६ ते १९११ या काळात एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण आणि प्रमाणित मृत्युदर या दोन वार्षिक श्रेणी त्यांनी घेतल्या. त्यांचा सहसंबंध ०.९५ इतका आला. या दोन गोष्टींत कारणाचा संबंध नाही हे उघड होते. दोन्ही फक्त हळूहळू घटत होत्या. असे निरर्थक सहसंबंध कोणत्या जातीच्या श्रेणींत निर्माण होतात, हे शोधण्यासाठी यूल यांनी प्रत्येक श्रेणीचा स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी किती संबंध आहे ते मोजले आणि तिच्या फरकांचेही तसेच मोजमाप केले. ज्या श्रेणीचे आकडेच परस्परांपासून स्वतंत्र आहेत ती एक जात; जिचे आकडे लगतच्या आकड्यांशी बांधलेले आहेत पण फरक स्वतंत्र आहेत ती दुसरी; आणि जिचे फरकही परस्परांशी बांधलेले आहेत ती तिसरी. आज आपण आलेख पाहून जो निर्णय घेतो तो मूळात हीच जात ओळखण्याचा निर्णय आहे. वजाबाकी आणि स्वसहसंबंध इथे पहिल्यांदा एका प्रश्नाभोवती एकत्र आले.

पुढच्या टप्प्याला भारताचा धागा आहे. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि पावसाळ्याचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध मोजत होते. यूल यांनी १९२७ मध्ये सूर्यावरील डागांच्या संख्येसाठी असे समीकरण मांडले की, यंदाचा आकडा हा मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांवर आणि एका नव्या यादृच्छिक धक्क्यावर अवलंबून असतो. वॉकर यांनी १९३१ मध्ये ही कल्पना व्यापक केली आणि ती ऑस्ट्रेलियातील पोर्ट डार्विन येथील हवेच्या दाबाच्या नोंदींवर तपासली. समीकरणातले गुणक आणि स्वसहसंबंध यांना जोडणारी सूत्रे त्यामुळेच या दोघांच्या नावाने ओळखली जातात. आलेखाच्या आकारावरून मागची रचना ओळखता येते, या विश्वासाचा आधार ही सूत्रे आहेत. मात्र श्रेणी स्थिर असली, म्हणजे तिची सरासरी, विचरण आणि स्वसहसंबंध काळानुसार बदलत नसले, तरच ती लागू पडतात.

आलेखात प्रत्येक लॅगच्या, म्हणजे मागे मोजलेल्या प्रत्येक अंतराच्या, स्वसहसंबंधाची एक उभी दांडी असते. त्यावर दिसणाऱ्या दोन तुटक रेषाही अशाच एका शोधातून आल्या. मोजलेल्या स्वसहसंबंधात योगायोगाचा भाग किती असतो हे मॉरिस बार्टलेट यांनी १९४६ मध्ये दाखवले. आकडे परस्परांपासून स्वतंत्र असतील तर या चुकीचा आकार साधारण १/√n असतो, इथे n म्हणजे आकड्यांची संख्या, आणि रेषा याच्या सुमारे दुप्पट अंतरावर काढतात. दहा वर्षांच्या महिनावार भावांत n म्हणजे १२० असल्याने रेषा ±०.१८ जवळ येतात. रेषांचा अर्थ इतकाच की, श्रेणीत काहीच रचना नसती तर वीस दांड्यांपैकी एखादी दांडी योगायोगाने बाहेर गेली असती. म्हणून सतराव्या लॅगला एकटीच किंचित बाहेर डोकावणारी दांडी पाहून सतरा महिन्यांचे चक्र सापडले असे लिहिणे चूक आहे. चढत्या श्रेणीच्या आलेखात तर या रेषांकडे पाहूच नये. तिथे पाहायचे ते दांड्या किती संथपणे उतरतात हे. अशा श्रेणीत दांड्या पुढे शून्याखालीही जातात, कारण पहिला अर्धा भाग सरासरीच्या खाली आणि दुसरा वर असतो. १२० महिन्यांच्या सरळ चढत्या श्रेणीत हे ४४ व्या लॅगच्या आसपास घडते आणि तिथे कोणतेही चक्र नसते.

हे सगळे धागे एका कार्यपद्धतीत बांधले ते जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेंकिन्स यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात. आलेख पाहा, गरज असेल तेवढेच फरक काढा, पुन्हा आलेख पाहा, हा क्रम तिथून रूढ झाला. त्यांचे गाजलेले उदाहरण म्हणजे १९४९ ते १९६० या काळातील आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची महिनावार संख्या, एकूण १४४ आकडे, हजारांत. ते आर या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीत तयारच असल्याने कोणालाही पडताळता येते.

```r
x <- log(AirPassengers)
acf(x)
acf(diff(x))
acf(diff(diff(x, 12)))
```

पहिल्या ओळीत लॉगरिदम का घेतला, हे आकड्यांवरूनच दिसते. १९४९ मध्ये सर्वात कमी आणि सर्वात जास्त महिन्यांत १०४ आणि १४८, म्हणजे ४४ चा फरक होता, तर १९६० मध्ये ३९० आणि ६२२, म्हणजे २३२ चा. पातळीबरोबर हेलकावेही वाढत होते, आणि वजाबाकी हा दोष काढू शकत नाही. पहिल्या आलेखात दांडी ०.९५ पासून सुरू होऊन अतिशय संथ उतरते आणि बाराव्या महिन्याला अजूनही ०.७६ असते. एकदा फरक काढल्यावर हा उतार नाहीसा होतो, पण बाराव्या महिन्याची दांडी ०.८४ वर उभी राहते. आधी ती चढाच्या सावलीत झाकली गेली होती. म्हणून बारा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशीही फरक काढावा लागतो. त्यानंतर १३१ आकडे उरतात, रेषा ±०.१७ वर येतात आणि ठळक दांड्यांपैकी पहिली -०.३४ आणि बारावी -०.३९ असते. बॉक्स आणि जेंकिन्स यांनी या दोन दांड्यांवरून प्रतिमान निवडले. एक सावधगिरी आवश्यक आहे: महिनावार श्रेणीसाठी आर आडव्या अक्षावर वर्षे दाखवते, म्हणून तिथे १.० लिहिलेली दांडी बाराव्या महिन्याची असते, आणि अगदी डावीकडची १ उंचीची दांडी शून्य लॅगची असल्याने तिला काहीच अर्थ नसतो.

केळीच्या भावांना हाच क्रम लागू करता येतो, कारण मृगबाग आणि कांदेबाग यांच्या लागवडीच्या वेळा ठरलेल्या असल्याने आवकेत वार्षिक लय असण्याची शक्यता असते. मात्र बाराव्या महिन्याचा फरक केवळ या अपेक्षेवरून काढू नये. आधी एक फरक काढून बाराव्या आणि चोविसाव्या दांड्या खरोखर उंच व संथ उतरणाऱ्या आहेत का ते पाहावे.

पावसाची गोष्ट वेगळी आहे. एका वर्षाच्या एकूण पावसाचा मागच्या वर्षाच्या पावसाशी संबंध सहसा फार क्षीण असतो, आणि मूळ श्रेणीचा आलेख काढला तर बहुतेक दांड्या रेषांच्या आतच राहतात. तरीही फरक काढले तर काय होते ते हिशेबाने दाखवता येते. प्रत्येक वर्षाचे विचरण V धरले, तर यंदा वजा गेले वर्ष या फरकाचे विचरण 2V होते. लगतच्या दोन फरकांत गेल्या वर्षाचा आकडा एकदा वजा चिन्हाने आणि एकदा अधिक चिन्हाने येतो, म्हणून त्यांचे सहविचरण -V असते. भागाकार -०.५ येतो. म्हणजे मूळ नोंदीत नसलेली रचना आपणच निर्माण केली आणि विचरणही दुप्पट केले. फरक काढल्यावर पहिली दांडी -०.५ च्या जवळ गेली आणि विचरण वाढले, तर तो फरक परत घ्यावा.

हीच -०.५ ची खूण आणखी एका ठिकाणी फसवते. सरळ रेषेने चढणारी आणि तिच्याभोवती स्वतंत्र विचलने असलेली श्रेणी घेतली तर तिचा मूळ आलेखही संथच उतरतो, आणि फरक काढल्यावर पहिली दांडी -०.५ जवळ जाते. तिथे वजाबाकी नव्हे, तर रेषा बसवून ती काढून टाकणे हा उपाय आहे. या दोन प्रकारांत डोळ्यांनी निवड करणे कठीण असल्यामुळे डेव्हिड डिकी आणि वेन फुलर यांनी १९७९ मध्ये चाचणी मांडली, जी श्रेणीचे फरक काढणे आवश्यक आहे हे गृहीतक धरून सुरू होते. त्यामुळे चाचणीने ते गृहीतक नाकारले नाही एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही, आणि साठ-सत्तर महिन्यांच्या लहान श्रेणीत, जशी आपल्या विद्यार्थ्यांकडे बहुधा असते, ते नाकारण्याची या चाचणीची ताकदच कमी असते. अशा वेळी रेषा धरून एक आणि फरक काढून एक अशी दोन प्रतिमाने बसवावीत आणि शेवटचे बारा महिने बाजूला ठेवून त्यांवर दोघांचे अंदाज तपासावेत.