हुबेहूब वास्तू आणि फोटोची ओळख

हुबेहूब वास्तू म्हणजे एखाद्या नामी वास्तूसारखी दुसरीकडे बांधलेली वास्तू, कधी अगदी त्याच मापाची तर कधी नुसती तोंडावळ्यानं सारखी, आणि तिचा फोटो हमखास भलत्या गावाच्या नावावर खपतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतला मासला घ्यायचा तर जुन्या अल्बममधला "ताजमहाल, आग्रा" बघा. शाळेची सहल वेरूळ-अजिंठा करून आलेली असते, आग्र्याला कुणी गेलेलंच नसतं, आणि फोटो असतो औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर 17व्या शतकातली, आणि आराखडा केला अताउल्लानं, जो ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, त्यामुळे सारखेपणा घरातलाच आहे म्हणा.

तर असा फोटो हातात आला की आधी घुमट सोडून मिनार बघायचे. ताजचा घुमट भरदार, मिनार त्याच्यापासून लांब उभे, अंग मोकळं दिसतं. मकबऱ्याचं मधलं अंग अरुंद, त्यामुळे मिनार अंगावर आल्यासारखे दिसतात, सगळं उभट वाटतं. मग दाराच्या मोठ्या कमानीभोवती बघा, ताजला काळ्या अक्षरांची रुंद पट्टी आहे, मकबऱ्याला ती नाही. भिंतीवर काळपट ओघळ दिसले तर मकबराच धरा, कारण तिथे संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटाला, बाकी गिलावा, आणि गिलावा पावसात असाच होतो. मागे डोंगर दिसला तर विषयच संपला, ताजच्या मागे यमुना आहे म्हणून तिथे नुसतं आभाळ असतं.

डावीकडची मशीद मात्र नीट बघायची. दोन्हीकडे समोरून बघताना मशीद डाव्या हातालाच येते, पण ताजची लाल दगडाची आणि चौथऱ्याखाली लांब, मकबऱ्याची त्याच चौथऱ्यावर चिकटून, ती निजामाच्या काळात नंतर बांधलेली. यात एक गोची आहे, निगेटिव्ह उलटी धुतली गेली असली तर डावं-उजवं फिरतं, म्हणून आधी फोटोत कुठे पाटी किंवा शर्टाचा खिसा दिसतोय का ते बघायचं (खिसा डाव्या बाजूला असतो ना). अगदी जवळून काढलेल्या फोटोत, नुसती माणसं आणि पायऱ्या असल्या की यातलं काहीच कामाला येत नाही.

त्याच मापाच्या नकलेत ही प्रमाणाची युक्ती चालत नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं पार्थेनॉन अथेन्सच्याच मापाचं, पण ते धडधाकट आहे, छप्पर शाबूत, आणि सपाट बागेत, तर अथेन्सचं टेकडीवर आणि 1687च्या स्फोटापासून मोडलेलं. म्हणजे नक्कलच जास्त अखंड! आपल्याकडे हलग्याजवळचं सुवर्णसौध आणि बेंगळुरूचं विधानसौध यांच्यातही तेच, वास्तूपेक्षा शेजार बघा, बेंगळुरूत रस्त्यापलीकडे हायकोर्टाची लाल इमारत असते आणि आपल्याकडे हायवे आणि माळ.