जुना आजार लपवल्याच्या कारणावरून आरोग्य विम्याचा दावा नाकारला गेल्यास कंपनीला द्यायची नोटीस: पात्रता, कागदपत्रे आणि मजकूर

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तक्रार दाखल करण्यापूर्वी नोटीस दिलीच पाहिजे, अशी अट नाही. तरीही विमा दाव्याच्या प्रकरणात ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीने दावा कोणत्या कारणाने नाकारला, त्या कारणाला तुमचे उत्तर काय आहे आणि तुम्ही नेमके किती पैसे मागत आहात, या तीन गोष्टी नोटिशीमुळे ग्राहक आयोगाकडे जाण्याआधीच कागदावर येतात. उत्तम नोटीस ही पुढच्या तक्रार अर्जाचा कच्चा मसुदाच असते; म्हणून ती रागाच्या भरात न लिहिता कागदपत्रे समोर ठेवून लिहावी.

दावा नाकारण्याच्या कारणांपैकी येथे एकच घेतो: पॉलिसी घेताना जुना आजार लपवला, हे कारण. समजा, कोथरूडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी १२ जून २०१९ रोजी तीन लाखांची पॉलिसी घेतली, खंड न पडता दरवर्षी नूतनीकरण केले आणि १२ जून २०२२ च्या नूतनीकरणात विमा रक्कम पाच लाख करून घेतली. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी छातीत दुखू लागल्याने ते कर्वे रस्त्यावरील रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कॅशलेस नाकारले गेल्याने ४,३८,००० रुपयांचे बिल त्यांनी स्वतः भरले. २१ मार्च २०२५ च्या पत्राने कंपनीने दावा फेटाळला, कारण रुग्णालयाच्या केस पेपरवर ‘रक्तदाब सात वर्षांपासून’ अशी नोंद होती. सात वर्षे मागे गेल्यास २०१८ साल येते, म्हणजे पॉलिसीच्या आधीचे.

नोटीस कोण देऊ शकतो आणि मुदत किती

पॉलिसीधारक, त्या पॉलिसीत समाविष्ट असलेला कुटुंबातील सदस्य, किंवा विमाधारकाचे निधन झाले असल्यास त्याचे कायदेशीर वारस नोटीस देऊ शकतात. वकिलामार्फतच नोटीस पाठवावी, असे बंधन नाही. पॉलिसीधारकाने स्वतःच्या सहीने पाठवलेली नोटीसही तितकीच ग्राह्य असते. मराठीत लिहिण्यास आडकाठी नाही, मात्र कंपनीचा क्लेम विभाग परराज्यात असल्यास इंग्रजी प्रत सोबत जोडणे सोयीचे ठरते.

अधिनियमाच्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. वरील उदाहरणात नकारपत्राच्या तारखेपासून मोजल्यास ही मुदत २० मार्च २०२७ पर्यंत जाते. येथे पुष्कळांचा एक घातक गैरसमज असतो: नोटीस पाठवली, किंवा कंपनीशी पुन्हा पत्रव्यवहार सुरू केला, म्हणजे मुदत नव्याने सुरू होते, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. सबळ कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण ‘कंपनीच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण पुरेसे मानले जाईलच, असे नाही. म्हणून नकारपत्र आल्यापासून दोन-तीन महिन्यांत नोटीस जावी.

विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्गही खुला असतो आणि त्याचे एक कार्यालय पुण्यात आहे. तेथे आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते आणि ती फेटाळली गेल्यावर, किंवा महिनाभरात उत्तर न आल्यास, एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मात्र त्याच विषयावर ग्राहक आयोगात प्रकरण प्रलंबित असल्यास लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळे कोणत्या दारी आधी जायचे, हे नोटीस पाठवतानाच ठरवावे.

आधी हाती घ्यायचे कागद

नकारपत्र, पहिल्या वर्षापासूनच्या सर्व पॉलिसी, हप्त्यांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल व भरणा पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि दावा सादर केल्याची पोच हे तर लागतेच. निकाल फिरवणारे कागद मात्र दोनच असतात आणि तेच बहुधा हाताशी नसतात.

पहिला कागद म्हणजे तुमचा मूळ प्रस्ताव अर्ज. आजाराविषयी नेमका कोणता प्रश्न विचारला होता आणि त्यापुढे काय लिहिले होते, हे तो पाहिल्याशिवाय कळत नाही. अर्ज अनेकदा एजंटाने भरलेला असतो आणि ग्राहकाने केवळ सही केलेली असते. त्याची प्रत कंपनीकडे लेखी मागावी.

दुसरा कागद म्हणजे रुग्णालयाचे संपूर्ण इनडोअर केस पेपर. लेखी मागणी केल्यास डॉक्टरांनी वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणे त्यांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. त्यात दाखल होतानाची नोंद, निवासी डॉक्टरांची टिपणे आणि परिचारिकांचे तक्ते वेगवेगळे वाचावेत. रात्री अत्यवस्थ रुग्णासोबत आलेला पुतण्या किंवा शेजारी ‘बीपी पाच-सात वर्षांपासून असेल’ असे अंदाजाने सांगतो आणि तेच वाक्य पुढे प्रत्येक पानावर उतरत जाते. माहिती कोणी दिली, हे पहिल्या पानावर लिहिलेले असल्यास ती ओळ फार मोलाची ठरते.

आपल्या उदाहरणात रक्तदाबाचे निदान सप्टेंबर २०२३ मध्ये झाले होते. फॅमिली डॉक्टरांच्या कार्डावर त्या तारखेला पहिल्यांदा गोळी लिहून दिलेली दिसते, आणि २०१८ मधील नोकरीतल्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाब सामान्य असल्याची नोंद आहे. हे दोन्ही कागद वादापूर्वीचे असल्याने त्यांना वजन आहे. वाद सुरू झाल्यानंतर डॉक्टरांकडून घेतलेला खुलाशाचा दाखला जोडावा, पण त्या एकट्यावर विसंबू नये, कारण तो मागाहून तयार केला, असे कंपनी हमखास म्हणते.

वस्तुस्थिती कशी मांडावी

परिच्छेदांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकात एकच घटना तारखेसह लिहावी. मुख्य परिच्छेद साधारण असा असेल:

> “आपल्या दि. २१/०३/२०२५ च्या पत्रात, मला पॉलिसी घेण्यापूर्वीपासून रक्तदाबाचा विकार होता व तो मी लपवला, असे एकमेव कारण दिले आहे. ते मला मान्य नाही. माझे निदान सप्टेंबर २०२३ मध्ये प्रथम झाले असून त्यासंबंधीचे कागद सोबत जोडले आहेत. केस पेपरवरील ‘सात वर्षे’ ही नोंद दाखल करतेवेळी नातेवाइकाने अंदाजाने दिलेल्या माहितीवर आधारित आहे. २०१९ पूर्वी मी या विकारावर उपचार घेतल्याचा कोणताही पुरावा आपण दिलेला नाही.”

‘एकमेव कारण’ हे शब्द जाणीवपूर्वक घातले आहेत. नकारपत्रात न दिलेली कारणे कंपनीला नंतर पुढे करता येत नाहीत, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या विमा प्रकरणांत घेतली आहे. माहिती लपवल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हेही याच न्यायालयाने महाकाली सुजाता प्रकरणात (२०२४) म्हटले आहे. मात्र खरोखरच आधीपासून गोळ्या सुरू असतील, तर ‘मला कधीच रक्तदाब नव्हता’ असे चुकूनही लिहू नये. औषधाच्या दुकानातील एक जुने बिल निघाले, तरी सगळी नोटीस कोसळते.

यानंतर मोरेटोरियमचा मुद्दा येतो आणि या प्रकरणात तोच सर्वांत बळकट आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने संरक्षण, म्हणजेच मोरेटोरियमचा काळ, पूर्ण झाल्यावर माहिती न दिल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. नियम बदलल्यानंतर नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत हे कलम वाचून त्याचा क्रमांक नोटिशीत द्यावा. आपल्या उदाहरणात ६० महिने जून २०२४ मध्येच पूर्ण झाले. पण ते केवळ मूळ तीन लाखांसाठी! वाढवलेल्या दोन लाखांचे ६० महिने जून २०२२ पासून मोजायचे असल्याने ते अद्याप पूर्ण झालेले नाहीत. म्हणून तीन लाखांपर्यंतच्या रकमेसाठी मोरेटोरियमचा आधार घ्यावा आणि उरलेल्या रकमेसाठी ‘रक्कम वाढवल्यानंतर आजार उद्भवला’ हा स्वतंत्र मुद्दा मांडावा. दोन्ही एकत्र कालवल्यास कंपनी कच्च्या भागावर बोट ठेवते आणि पक्का भागही संशयात जातो.

नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची, किंवा ती ज्या समितीचा उपगट आहे त्या समितीची, मंजुरी लागते आणि नकार देताना पॉलिसीतील नेमकी अट नमूद करावी लागते. त्या मंजुरीची आणि तपासनिसाच्या अहवालाची प्रत नोटिशीतच मागावी. ती न देणे हीसुद्धा पुढे आयोगासमोर ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

मागणी

मागणीत आकडा हवा. बिलातील हातमोजे, नोंदणी शुल्क यांसारख्या पॉलिसीत न मिळणाऱ्या बाबी स्वतःच वजा कराव्यात. खोलीभाड्याची मर्यादा असल्यास तिचाही हिशेब करावा. उदाहरणात अशा बाबी २६,००० रुपयांच्या धरल्या, तर मागणी ४,१२,००० रुपयांची होते: ३,००,००० मूळ विमा रकमेतून आणि १,१२,००० वाढीव रकमेतून. त्यावर नकाराच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाबद्दल भरपाई आणि नोटिशीचा खर्च मागावा. त्रासाची भरपाई दाव्याच्या कैकपट मागणारे मसुदे पाहायला मिळतात. त्याने हाती जास्त पडत नाही, उलट मूळ मागणीचे गांभीर्य कमी होते. शेवटी पूर्ततेसाठी १५ दिवसांची मुदत द्यावी आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार असल्याचे लिहावे.

नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला व तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवून पुण्यातील शाखेला आणि टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, प्रत द्यावी. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्याने आता स्पीड पोस्टने पाठवावी व पोहोचल्याचा पुरावा मागून घ्यावा. तीच नोटीस ईमेलनेही पाठवावी. सोबत केवळ झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद कोणत्याही परिस्थितीत हातचे सोडू नयेत.

नोटिशीनंतर कंपनी कधी अर्धीमुर्धी रक्कम देऊ करते आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही मागते. उरलेल्या रकमेसाठी लढायचे असल्यास त्यावर विनाशर्त सही करू नये. रक्कम हरकत नोंदवून स्वीकारत असल्याचे लेखी कळवावे.

मुदतीत समाधान न झाल्यास तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत किंवा चेन्नईत असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. आयोगाची पायरी दाव्याच्या रकमेवरून ठरत नाही, ती भरलेल्या हप्त्यावरून ठरते. ५० लाखांपर्यंतचा मोबदला, म्हणजे येथे भरलेला हप्ता, जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो आणि तो पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीची प्रत मिळाल्यापासून कंपनीला लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रारीसोबत नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा आणि कंपनीचे उत्तर आले असल्यास ते जोडावे.