खाच की प्लेट? माशाच्या आणि कांद्याच्या स्लाइडमध्ये पेशी कशी दुभंगते

(सूत्री विभाजनाच्या जोड-स्लाइडसोबतचे माहितीपत्रक: व्हाइटफिश ब्लास्टुला आणि कांद्याच्या मुळाचे टोक, उभा छेद)

या जोडीबद्दल शिक्षकांकडून येणारी नेहमीची तक्रार एकच असते: ‘पूर्वावस्था, मध्यावस्था सगळे छान दिसते, पण शेवटी पेशी दोन होताना दिसत नाही.’ बहुतेक वेळा स्लाइड चांगली असते. नजर चुकीच्या जागी असते, किंवा छेद चुकीच्या बाजूने गेलेला असतो. पेशीचे शेवटचे तुकडे होणे, म्हणजे परिकल विभाजन, नेमके कुठे आणि कसे शोधायचे ते पुढे सांगतो.

एक शब्द आधी मोकळा करून घेऊ. वनस्पतिपेशीत मधोमध तयार होणाऱ्या पडद्याला पाठ्यपुस्तकात ‘पेशीपटल’ म्हणतात, पण हाच शब्द काही जण पेशीच्या बाहेरच्या आवरणालाही वापरतात. वर्गात त्यावरून हमखास गोंधळ होतो. म्हणून इथे आम्ही ‘सेल प्लेट’ असेच लिहिले आहे.

माशाची स्लाइड: खाच बाहेरून आत जाते

व्हाइटफिश हा उत्तर अमेरिकेतल्या थंड सरोवरांतला मासा. त्याचा अगदी कोवळा भ्रूण या कामासाठी वापरतात, कारण त्यातल्या पेशी भराभर विभागत असतात आणि त्यांचे तर्कू मोठे व ठळक असतात. तर्कूच्या दोन्ही टोकांना किरणांसारखे पसरलेले तंतू दिसतात, त्यांना ॲस्टर म्हणतात. कांद्याच्या स्लाइडमध्ये हे दिसणार नाहीत.

गुणसूत्रांचे दोन गट एकमेकांपासून दूर जायला लागले की पेशीच्या कंबरेभोवती, आवरणाच्या लगेच आत, ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या तंतूंचे एक कडे तयार होते. हेच दोन घटक आपल्या स्नायूंतही असतात. पायजम्याची नाडी ओढावी तसे हे कडे आवळते आणि वरचे आवरण आत ओढले जाते. बाहेरून दिसते ती खाच. कडे आवळताना त्यातले तंतू सुटेही होत असतात, म्हणून ते लहान होत गेले तरी जाड होत नाही.

हे कडे जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर जाड असते. तुमच्या ४०× ऑब्जेक्टिव्हला साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी दाखवता येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांनी खाच काढावी, कडे काढू नये. दिसत नाही ते प्रयोगवहीत ‘दिसले’ म्हणून आले की तोंडी परीक्षेत अडचण होते.

खाच नेमकी मधोमध का पडते? १९६१ साली रॅपापोर्ट यांनी सँड डॉलर या सागरी प्राण्याच्या अंड्यात काचेची गोळी दाबून बसवली आणि अंड्याला मधे भोक असलेल्या मेदूवड्यासारखा आकार दिला. पहिल्या विभाजनात पेशी एकाच बाजूने कापली गेली, आणि दोन केंद्रके असलेली नालाच्या आकाराची एकच पेशी उरली. दुसऱ्या विभाजनात दोन्ही तर्कूंवर नेहमीप्रमाणे खाचा पडल्याच. शिवाय नालाच्या वळणावर, शेजारी आलेल्या दोन ॲस्टरांच्या मधेही एक खाच पडली. तिथे ना तर्कू होता, ना गुणसूत्रे. म्हणजे त्या अंड्यात खाचेची जागा ठरायला मधे गुणसूत्रे असण्याची गरज नव्हती, दोन ॲस्टर पुरेसे होते. आपल्या स्लाइडमध्येही आधी दोन ॲस्टर शोधा आणि मग त्यांच्या बरोबर मध्यावरची कड पाहा.

आता तक्रारीकडे. ब्लास्टुला म्हणजे पेशींचा गोळा, आणि त्यातले तर्कू वाटेल त्या दिशेला असतात. छेद तर्कूच्या लांबीतून गेला असेल तरच डमरूसारखी कंबर दिसते. तो आडवा गेला असेल तर खाच पडत असलेली पेशीही निव्वळ गोल दिसेल. आणि तिरपा, कडेकडेने गेला असेल तर मधला जोड छेदात येतच नाही, त्यामुळे अजून जोडलेल्या पेशीही सुट्या भासतात. म्हणूनच एका स्लाइडवर अनेक छेद बसवलेले असतात. १०× वर सगळे छेद पाहून, दोन्ही ॲस्टर एकाच वेळी स्पष्ट दिसणारी पेशी निवडा आणि मगच ४०× लावा.

दुसरी फसगत म्हणजे शेजारी टेकलेल्या दोन वेगळ्या पेशी. खऱ्या खाचेत दोन्ही बाजूंची गुणसूत्रे एकाच टप्प्यावर असतात आणि मधल्या भागात तर्कूचे तंतू अजून दिसतात. एकीकडे मध्यावस्था आणि दुसरीकडे शांत केंद्रक असेल तर ती खाच नाही, नुसता शेजार आहे.

खाच पूर्ण आत गेल्यावरही पेशी लगेच सुटत नाहीत. साधारण एक मायक्रोमीटर रुंदीचा पूल मधे उरतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत तो तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो, आणि मग वेगळीच प्रथिने येऊन तो कापतात. व्हाइटफिशच्या छेदात हा पूल सापडला तर नशीब समजा.

कांद्याची स्लाइड: प्लेट आतून बाहेर जाते

वनस्पतिपेशीभोवती ताठ भित्तिका असते आणि पेशी आतल्या दाबाने तिला घट्ट चिकटलेली असते. आवरण आत ओढायचे तर ते भित्तिकेपासून सोडवावे लागेल. कांदा तो मार्ग घेतच नाही. तो मधोमध नवी भिंत बांधायला घेतो आणि ती कडांकडे नेतो.

त्यासाठी दोन नव्या केंद्रकांच्या मधे सूक्ष्मनलिकांची एक पिंपासारखी जुडी तयार होते, तिला फ्रॅग्मोप्लास्ट म्हणतात. या नलिकांवरून गॉल्जी पिंडातून आलेल्या पुटिका मध्यावर पोचतात आणि एकमेकींत मिसळतात. पुटिकांच्या आतला माल म्हणजे भावी भित्तिकेचे पेक्टिनसारखे घटक, आणि त्यांची आवरणे म्हणजे दोन्ही नव्या पेशींची आवरणे. सुरुवातीच्या प्लेटमध्ये कॅलोज भरपूर असते, सेल्युलोज नंतर येते. मधली प्लेट तयार झाली की तिथल्या नलिका विरतात आणि कडेला नव्या उभ्या राहतात. त्यामुळे पिंपाची हळूहळू कडी होते आणि ही कडी बाहेर सरकत जाते.

प्लेट कुठल्या जागी भिंतीला टेकणार, हे त्याआधीच ठरलेले असते. विभाजन सुरू होण्याच्या सुमारास आवरणाखाली सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा दिसतो. मध्यावस्थेपर्यंत तो नाहीसा होतो, पण नंतर प्लेट बरोबर त्याच रेषेवर येऊन टेकते. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये गव्हाच्या पेशींत हा पट्टा दाखवला. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विषय आहे, आपल्या स्लाइडमध्ये शोधू नका.

शोधायचे असे. मुळाच्या टोकावरची टोपी सोडून थोडे वर या, जिथे पेशी चौकोनी, लहान आणि गच्च भरलेल्या दिसतात. मूळ दृष्टिक्षेत्रात उभे ठेवा. इथे बहुतेक तर्कू मुळाच्या लांबीला समांतर असतात, म्हणून बहुतेक प्लेट आडव्या दिसतात. दोन गडद केंद्रके एकावर एक आणि मधे फिकट पट्टा, अशी पेशी धरा. फाइन ॲडजस्टमेंट अगदी हलकी मागेपुढे केली की पट्ट्याच्या मध्यावर एक बारीक रेघ उजळते. तीच प्लेट.

एक उदाहरण मापाने पाहू. आयपीस मायक्रोमीटरचा एक भाग ४०× वर २.५ मायक्रोमीटर येतो असे धरा (तुमच्या सूक्ष्मदर्शकावर तो स्टेज मायक्रोमीटरने तपासून घ्या). पेशीची रुंदी ८ भाग भरली, म्हणजे २० मायक्रोमीटर. रेघ ५ भाग भरली, म्हणजे साडेबारा. दोन्ही बाजूंना दीड-दीड भागाची, म्हणजे पावणेचार मायक्रोमीटरची फट उरली. ही अर्धवट प्लेट आहे आणि पेशी अजून एकच आहे. रेघेची टोके मधल्या भागापेक्षा थोडी गडद किंवा तंतुमय दिसली तर ती फ्रॅग्मोप्लास्टची बाहेर सरकलेली कडी. रेघ दोन्ही भिंतींना टेकली असेल आणि केंद्रके पुन्हा गोल होत असतील तर परिकल विभाजन संपले आहे. फट एकाच बाजूला दिसली तरी दचकू नका. मोठ्या पेशींत प्लेट आधी एका भिंतीला टेकते आणि मग दुसरीकडे वाढत जाते.

वर्गात स्वतः स्क्वॅश करणार असाल तर

मुळाचे टोक हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून, ॲसिटोकार्मिन लावून दाबलेल्या स्लाइडमध्ये गुणसूत्रे आमच्या छेदापेक्षाही चांगली दिसतात. प्लेट मात्र दिसतेच असे नाही. आम्ल पेशींना जोडणारे पेक्टिन सैल करते, म्हणून तर पेशी सुट्या होतात, आणि कोवळी प्लेट मुख्यतः तशाच पदार्थांची असते. त्यात ॲसिटोकार्मिन गुणसूत्रांना रंगवते, प्लेटला नाही. प्लेट दाखवायची असेल तर छेदाचीच स्लाइड घ्या.

स्क्वॅशमधून परिकल विभाजन फसलेले मात्र उत्तम दाखवता येते. वाढती मुळे ०.१ टक्का कॅफिनच्या द्रावणात (१०० मिलि पाण्यात ०.१ ग्रॅम) तासभर ठेवा, धुवा आणि दोनएक तास साध्या पाण्यात ठेवून मग स्थिरीकरण करा. कॅफिनमध्ये पुटिका मध्यावर येतात, प्लेट सुरूही होते, पण पक्की न होता विरून जाते. गुणसूत्रांची वाटणी आधीच झालेली असते, त्यामुळे एका भिंतीच्या आत दोन केंद्रके राहतात. सोबत कॅफिन न दिलेली मुळेही तपासा, कारण दाबताना एकमेकींवर चढलेल्या दोन पेशी हुबेहूब द्विकेंद्रकी दिसतात. फोकस बदलल्यावर दोन केंद्रकांभोवती दोन वेगळ्या कडा दिसल्या तर ती पेशी मोजायची नाही.

प्राणिपेशीत हेच काम सायटोकॅलेसिन करते. ते ॲक्टिनचे तंतू वाढू देत नाही, त्यामुळे खाच पडत नाही किंवा पडलेली मागे फिरते. ते विषारी आहे, शाळेत आणू नका. द्विकेंद्रकी प्राणिपेशी दाखवायला आमच्या यादीतली यकृताची स्लाइड पुरे. तिथल्या बऱ्याच पेशींत दोन केंद्रके असतात आणि तो दोष नाही.

झाडांत याचे सगळ्यात ओळखीचे उदाहरण म्हणजे शहाळे. नारळाच्या भ्रूणपोषात सुरुवातीला केंद्रके विभागत राहतात आणि भिंती बांधल्याच जात नाहीत. शहाळ्याचे पाणी म्हणजे तोच द्रव. पुढे करवंटीच्या आतल्या कडेपासून भिंती पडायला लागतात आणि तिथे मलई धरते.