मायक्रोफायनान्सचं कर्ज: अर्जाआधी घरातले हप्ते मांडा

ताईंनो, फॉर्मवर सही करण्याआधी वहीचं एक पान घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार हे विनातारण कर्ज वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. इथेच घोळ होतो, कारण बाई फक्त आपले हप्ते सांगते आणि नवऱ्याचे राहून जातात.

समजा, घरात महिन्याला 15,000 रुपये येतात. निम्मे 7,500. तुमच्या आधीच्या दोन कर्जांचे हप्ते 2,150 आणि 2,600, म्हणजे 4,750. वाटतं, 2,750 चा हप्ता झेपेल. पण नवऱ्याच्या गाडीचा 1,900 चा हप्ता धरला की उरतात फक्त 850. शेजारणीसाठी तुमच्या नावावर काढलेलं कर्जही तुमचंच. हप्ता ती भरते म्हणून ते वगळू नका. तिने थकवला, तर वसुलीला माणूस तुमच्याच दारात येतो.

आपल्या नावावर काय काय आहे हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. सिबिल, क्रिफ हाय मार्क यांसारख्या प्रत्येक कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. नवऱ्याचाही काढा. फेडलेलं कर्ज त्यात अजून चालू दिसत असेल, तर दुरुस्तीचा अर्ज आधी द्या.

आता तुलना. "बारा टक्के" ऐकून हुरळू नका, व्याज कशावर ते विचारा. 30,000 रुपये दोन वर्षांसाठी 12 टक्के सपाट व्याजाने घेतले, तर व्याज 7,200 आणि हप्ता 1,550. हेच 12 टक्के उरलेल्या मुद्दलावर असतील, तर हप्ता साधारण 1,412 पडतो. सपाट 12 म्हणजे घटत्या हिशेबाने जवळजवळ साडेएकवीस टक्के! त्यात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचे पैसे कापून रक्कम हातात येते. म्हणून प्रत्येक संस्थेकडून दराचं माहितीपत्रक मागा. सगळे खर्च धरून वर्षाचा दर त्यात लिहिलेला असतो. दोन कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो. आपल्या गटाचं बँक लिंकेज असेल, तर तिथला दरही याच पानावर लिहा.

अर्जासोबत आधार, पॅन (नसेल तर फॉर्म 60), बँक पासबुक आणि फोटो लागतात. काही संस्था लाइट बिल किंवा रेशनकार्डही मागतात. उत्पन्न आणि हप्ते खरे सांगा. कोरा चेक किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका. मंजुरीनंतर मराठीतलं कर्ज कार्ड मागून घ्या आणि प्रत्येक हप्त्याची नोंद त्यावर करून घ्या. मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. हप्ता थकला तरी वसुलीचा माणूस सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर येऊ शकत नाही.

पानावर 850 च उरत असतील, तर 1,412 चाही हप्ता बसत नाही. मग आधीचं एक कर्ज फिटू द्या, आणि नड मोठी असेल तर गटात बोला. अंतर्गत कर्ज मिळालं तर त्याचा हप्ताही त्याच पानावर धरा.