फी शून्य, मग दोन हजार गेले कुठे?

मोंढ्यात सोयाबीन घालणाऱ्याला कुणी शिकवायला नको. एखादा व्यापारी म्हणतो, "हमाली-तोलाईचा रुपया कापणार नाही," आणि भाव क्विंटलमागे शंभराने कमी लावतो. आपण पट्टी उलटीसुलटी करून हातात किती पडले तेवढंच बघतो. तोच माणूस जर्मनीत शिकणाऱ्या लेकीला पैसे पाठवायला लातुरातल्या बँकेत गेला की विचारतो, "चार्ज किती?" 'झीरो' ऐकलं की चहा सांगतो. नात्यातल्या तीन घरी हे बघून झालं, म्हणून एकदाचं लिहितो.

फी समजायला सोपी आहे. 300 युरो पाठवा की 3,000, ती तेवढीच. तिच्यावर 18 टक्के जीएसटी. पावतीवर छापलेली असते, म्हणून सगळे तिच्यावरच भांडतात.

मार्जिन पावतीवर कुठेच नसतं. मोबाइलवर दिसतो तो बाजारातला मधला भाव, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्या मधोमधचा. त्या भावाने तुम्हाला युरो कुणी देत नाही. बँक तुम्हाला तिचा स्वतःचा भाव लावते, दरपत्रकात त्याला टीटी सेलिंग म्हणतात. (शेजारी नोटांच्या विक्रीचा रकाना असतो, तो आणखी चढा. काही जण चुकून तोच धरून बसतात.) मधला भाव आणि तुमचा भाव यांच्यातली तफावत म्हणजे मार्जिन. ते प्रत्येक युरोवर लागतं, म्हणून रकमेबरोबर वाढत जातं.

लेकीला 2,000 युरो द्यायचेत असं समजा. हिशोबाच्या सोयीसाठी मधला भाव 100 रुपये धरू. पहिली बँक म्हणते, फी नाही, भाव 102.50. खात्यातून 2,05,000 गेले. दुसरी म्हणते, फी 1,000, भाव 100.80. तिथे 2,01,600 अधिक जीएसटीसकट फी 1,180, म्हणजे 2,02,780. फुकटवाली 2,220 रुपयांनी महाग पडली. चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो, पण तो सरकारी कोष्टकाने लागतो. या रकमेला दोन्हीकडे पावणेतीनशेच्या आसपास, म्हणून तुलनेत तो सोडून दिला तरी चालतं.

आता तेच 300 युरो करून बघा. पहिलीकडे 30,750. दुसरीकडे 30,240 अधिक 1,180, म्हणजे 31,420. इथे फुकटवालीच स्वस्त! भावातला फरक युरोमागे 1.70 आणि फी 1,180, म्हणजे साधारण 694 युरोंना दोन्ही सारख्या पडतात. त्याखाली फी बोचते, त्यावर मार्जिन. म्हणून "कोणती बँक स्वस्त?" असं मोघम विचारलं की मला उत्तरच देववत नाही. आधी रक्कम सांगा. दर महिन्याला थोडे थोडे पाठवणाऱ्याने फीवाल्या बँकेत तीन महिन्यांचे एकदम पाठवले तर दोन फी वाचतात, एवढं साधं आहे.

विचारायचं ते असं: "तिच्या खात्यात पूर्ण 2,000 युरो पडायला माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जातील?" 'पूर्ण' हा शब्द सोडू नका. वाटेतल्या बँका मधेच आपला वाटा कापतात आणि पोरीला 1,980 मिळतात. फॉर्मवर OUR निवडलं तर तो खर्च पाठवणाऱ्याकडून घेतात, SHA निवडलं तर वाटून. भाडं नेमकं भरायचं असेल तर मी OUR च घेतो. आणि दोन्ही बँकांचे भाव एकाच वेळी घ्या. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक, ही तुलनाच नव्हे.

टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो आयकर, यात मिसळू नका. आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत तो लागत नाही. त्यावर कापला तरी रिटर्नमध्ये वळता होतो. पैसा काही महिने अडकतो, बुडत नाही.

वेळेचं म्हणाल तर एक ते तीन कामाचे दिवस धरा. बँकेची त्या दिवसाची वेळ शुक्रवारी दुपारी टळली की काम सोमवारवर जातं, आणि भाव आधी पक्का केला नसेल तर सोमवारचा लागतो. दोन दिवस आधी पोचावं म्हणून जास्त मार्जिन देणं मला पटत नाही, भाड्याची तारीख उद्यावर आली असेल तरच.

खरा मोठा फटका पैसे परत आले तर बसतो. जर्मनीतल्या खात्याचा नंबर, म्हणजे आयबॅन, 22 अक्षरांचा असतो. त्यात चूक झाली, पैसे माघारी आले, की बँक तेच युरो तुमच्याकडून खरेदीच्या भावाने घेते. 100.80 ने घेतलेले 99.20 ने गेले, तर 2,000 युरोंवर 3,200 रुपये उडाले. फी परत मिळतच नाही, आणि पुन्हा पाठवताना दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून आयबॅन मी लेकीला बँकेच्या ॲपमधून कॉपी करून पाठवायला लावतो. फोनवर सांगितलेला लिहून घेत नाही.